नंबर कर्नाटकचा, दवाखाना कोल्हापूरचा

घरातल्या औषधांच्या डब्यात एखादं जुनं प्रिस्क्रिप्शन सापडलं तर काढा आणि वरच्या भागात बघा. डॉक्टरांचं नाव, त्याखाली पदवी आणि कुठेतरी बारीक अक्षरात नोंदणी क्रमांक असतो. महाराष्ट्रातल्या डॉक्टरांचा असेल तर बहुधा तिरप्या रेघांनी तोडलेला, सुरुवातीला वर्ष असलेला आकडा दिसेल. तुम्ही सीमाभागात राहत असाल, किंवा मोबाइलवरून दूरच्या डॉक्टरांचा सल्ला घेतला असेल, तर तिथे दुसऱ्याच राज्याच्या कौन्सिलचं नाव असू शकतं. मग प्रश्न येतो, आणि तो मला बऱ्याचदा विचारला जातो: "डॉक्टर, यांचा नंबर कर्नाटकचा आहे. हे इथे चालतं का?"

थोडक्यात उत्तर, चालतं. पण त्या 'चालतं'च्या मागे जी व्यवस्था आहे ती रुग्णांना फारशी कुणी समजावून सांगत नाही. त्या व्यवस्थेतली एक बाजू चांगली भक्कम आहे आणि दुसरी लंगडी. माझं म्हणणं त्या लंगड्या बाजूबद्दल आहे.

आधी भक्कम बाजू. डॉक्टरची पदवी विद्यापीठ देतं, पण औषध लिहून देण्याचा हक्क पदवीने मिळत नाही, तो नोंदणीने मिळतो. ही नोंदणी आपल्याकडे राज्याची मेडिकल कौन्सिल करते. ही पद्धत जुनी आहे. मुंबई इलाख्यात १९१२ साली बॉम्बे मेडिकल अॅक्ट आला तेव्हापासून नोंदवह्या प्रांताप्रांताच्या आहेत. पुढे १९५६ च्या केंद्रीय कायद्याने सगळ्या राज्यांच्या नोंदवह्यांवरून देशाची एक मोठी नोंदवही केली, तिचं नाव इंडियन मेडिकल रजिस्टर. त्या कायद्याच्या कलम २७ मध्ये म्हटलं होतं, की या मोठ्या वहीत ज्याचं नाव आहे तो भारतात कुठेही व्यवसाय करू शकतो. तरीही राज्यांच्या कौन्सिल म्हणत राहिल्या, की आमच्या राज्यात बसणार असाल तर आमच्या वहीतही नाव हवं. ही ओढाताण वर्षानुवर्षं चालली. २०१९ मध्ये तो कायदा जाऊन नॅशनल मेडिकल कमिशनचा कायदा आला, पण राज्याची वही आणि देशाची वही ही जोडी कायम राहिली.

यातून जी वहिवाट तयार झाली ती अशी. समजा एक डॉक्टरबाई बेळगावात शिकल्या. एमबीबीएस झालं, इंटर्नशिप झाली, कर्नाटक मेडिकल कौन्सिलकडे नाव नोंदवलं. पुढे लग्न होऊन त्या कोल्हापूरला आल्या आणि त्यांना इथे दवाखाना घालायचा आहे. त्यांनी कर्नाटक कौन्सिलकडे अर्ज करून ना-हरकत प्रमाणपत्र घ्यायचं. त्यात लिहिलेलं असतं, की या बाई आमच्याकडे अमुक क्रमांकाने नोंदलेल्या आहेत आणि दुसऱ्या राज्यात नोंदणी करायला आमची हरकत नाही. ते प्रमाणपत्र, पदवी, मूळ नोंदणीचा कागद, ओळखीचे पुरावे आणि शुल्क असं सगळं महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे द्यायचं. कागद तपासले जातात आणि त्यांना महाराष्ट्राचा क्रमांक मिळतो. त्यानंतर त्या इथल्या नियमात येतात. म्हणजे दर पाच वर्षांनी नूतनीकरण, आणि त्यासाठी त्या पाच वर्षांत व्याख्यानं, कार्यशाळा वगैरे करून ३० क्रेडिट पॉइंट जमवायचे. कोल्हापूरच्या कौन्सिलवाल्या डॉक्टरांना जे लागू, तेच त्यांनाही.

यात परीक्षा कुठेच आली नाही, हे लक्षात घ्या. काही लोकांना हे खटकतं. "आमच्या राज्यात यायचं तर आमची परीक्षा द्या" असं म्हणणं ऐकायला कडक वाटतं. पण विचार करून बघा. बेळगावच्या कॉलेजला मान्यता देणारी संस्था आणि कोल्हापूरच्या कॉलेजला मान्यता देणारी संस्था एकच. अभ्यासक्रमाचे किमान निकष एकच. निपाणीचा मलेरिया आणि कागलचा मलेरिया यांत फरक नाही. जे त्या बाई एकदा सिद्ध करून आल्या ते पुन्हा सिद्ध करायला लावलं, तर रुग्णाच्या सुरक्षिततेत काही भर पडत नाही, फक्त एक डॉक्टर आठ-दहा महिने घरी बसते. परदेशातून पदवी घेऊन येणाऱ्यांची गोष्ट वेगळी, तिथे कॉलेज आपण तपासलेलं नसतं, म्हणून चाळणी परीक्षा लागते. देशांतर्गत परीक्षेचा आग्रह मला तरी पटत नाही.

आता लंगडी बाजू. परीक्षा माफ करताना नवं राज्य जुन्या राज्यावर विश्वास टाकतं. तुम्ही तपासलंत, म्हणजे आम्ही तपासल्यासारखंच, असं ते म्हणतं. पण जुन्या राज्याने दोन वेळा तपासलेलं असतं. पहिल्यांदा, हा माणूस शिकला का? आणि नंतर, शिकल्यावर तो कसा वागला? पहिल्या तपासणीचं उत्तर कागदावर कायमचं असतं, बदलत नाही. दुसरीचं उत्तर बदलत राहतं. परवा एखाद्यावर कारवाई झाली, तर पाच वर्षांपूर्वीचं स्वच्छ प्रमाणपत्र आज खोटं ठरतं. परवाना एका प्रदेशातून दुसऱ्यात नेताना पहिलं उत्तर नीट पोचतं आणि दुसरं वाटेत गळतं. माझ्या मते रुग्णाला धोका आहे तो इथे.

हे नुसतं तर्काने सांगत नाही. जगभर गाजलेलं एक प्रकरण आहे आणि त्यात गुंतलेला शल्यचिकित्सक मूळचा आपल्या जामनगरचा होता. नाव जयंत पटेल. तो अमेरिकेत गेला, तिथे सर्जरी शिकला आणि पुढे ओरेगॉन राज्यातल्या पोर्टलंडमध्ये काम करू लागला. त्याच्या काही शस्त्रक्रियांबद्दल तक्रारी झाल्या. २००० साली ओरेगॉनच्या मेडिकल बोर्डाने त्याच्यावर बंधनं घातली: यकृत आणि स्वादुपिंडाच्या शस्त्रक्रिया करायच्या नाहीत, आणि गुंतागुंतीच्या इतर शस्त्रक्रियांआधी दुसऱ्या सर्जनचं मत घ्यायचं. न्यूयॉर्कमध्येही त्याचा परवाना होता. ओरेगॉनची कारवाई पाहून तिथेही प्रकरण उभं राहिलं आणि २००१ मध्ये त्याला तो परवाना सोडावा लागला. म्हणजे अमेरिकेतल्या दोन राज्यांना हे सगळं ठाऊक होतं, आणि ते सार्वजनिक नोंदीत होतं.

त्यानंतर २००३ मध्ये तो ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँड राज्यातल्या बंडाबर्ग या गावी सरकारी रुग्णालयात सर्जन म्हणून रुजू झाला. छोटं गाव, सर्जन मिळत नव्हते. अशा टंचाईच्या जागांसाठी तिथे एक वेगळी सवलत होती. परदेशातला परवाना पाहून, ऑस्ट्रेलियाची परीक्षा न घेता, मर्यादित नोंदणी द्यायची. सवलत वाईट नव्हती, तिच्यामुळे अनेक गावांना चांगले डॉक्टर मिळाले. अर्जात एक प्रश्न होता, की तुमच्या नोंदणीवर कुठे कधी बंधनं आली आहेत का? त्याने 'नाही' लिहिलं. सोबत ओरेगॉनचं प्रमाणपत्र जोडलं. त्या प्रमाणपत्रावर स्पष्ट शेरा होता, की या डॉक्टरबद्दल एक सार्वजनिक आदेश नोंदीत आहे, सोबतचं जोडपत्र पाहावं. जोडपत्र मात्र सोबत नव्हतं. आणि क्वीन्सलँडच्या नोंदणी कार्यालयात कुणीही विचारलं नाही, की बाबा, ते जोडपत्र कुठे आहे?

इथे थोडं थांबा. कारण मूळ दोष परीक्षेचा नव्हता, हे यातून दिसतं. ऑस्ट्रेलियाची परीक्षा त्याला द्यायला लावली असती तर तो बहुधा पास झाला असता, कित्येक वर्षं सर्जन म्हणून काम केलेला माणूस होता तो. लेखी उत्तरपत्रिकेतून हे कळत नाही, की हा माणूस आपल्या कुवतीबाहेरची शस्त्रक्रिया हाती घेतो. ते ओरेगॉनच्या आदेशातून कळत होतं. आणि तो आदेश क्वीन्सलँडला पोचला नाही, याचं कारण अगदी साधं. कागद आणून देण्याचं काम ज्याच्याविरुद्ध तो कागद होता त्याच्याकडेच होतं.

पुढचं थोडक्यात. बंडाबर्गच्या अतिदक्षता विभागातल्या प्रमुख परिचारिका टोनी हॉफमन यांना गोष्टी खटकू लागल्या. त्या छोट्या रुग्णालयाला न झेपणाऱ्या मोठ्या शस्त्रक्रिया तिथे होत होत्या आणि रुग्ण बरे होत नव्हते. त्यांनी वरिष्ठांना सांगितलं, काही झालं नाही. शेवटी त्यांनी स्थानिक आमदाराला गाठलं आणि २००५ च्या मार्चमध्ये विषय विधिमंडळात निघाला. त्यानंतर हेडली थॉमस या पत्रकाराने इंटरनेटवर डॉक्टरचं नाव टाकून शोधलं, आणि ओरेगॉन व न्यूयॉर्कच्या कारवाया त्याच्या समोर आल्या. नोंदणी कार्यालयाला दोन वर्षांत जे कळलं नाही ते एका पत्रकाराला संगणकासमोर बसून कळलं. चौकशी आयोग बसला. फौजदारी खटल्यात २०१० मध्ये त्याला सदोष मनुष्यवधासाठी शिक्षा झाली, ती २०१२ मध्ये सर्वोच्च पातळीवर रद्द झाली, फेरसुनावणीत एका आरोपातून तो सुटला. नंतर नोंदणी आणि नोकरी फसवणुकीने मिळवल्याचे आरोप त्याने कबूल केले आणि बाकीचे खटले मागे घेतले गेले. न्यायालयात टिकलं ते नेमकं हेच, अर्जातलं 'नाही'.

तेव्हा ऑस्ट्रेलियात राज्याराज्यांतली परस्पर मान्यता आधीपासून होती. १९९२ च्या कायद्याने एका राज्यात नोंदलेला व्यावसायिक दुसऱ्या राज्याला लेखी सूचना देऊन तिथे नोंदणी मागू शकत असे, आणि एका राज्यात शिस्तभंगामुळे नोंदणी थांबली तर दुसऱ्यातही ती तशीच थांबावी असंही त्यात लिहिलं होतं. पण नोंदवह्या वेगवेगळ्या, कार्यालयं वेगवेगळी. शेवटी १ जुलै २०१० पासून त्यांनी हा विषयच संपवला. राज्यांच्या वेगळ्या नोंदण्या जाऊन सगळ्या देशाची एकच नोंदवही आली. आज ऑस्ट्रेलियातल्या एखाद्या डॉक्टरवर बंधन असेल तर ते त्या वहीत नावासमोर दिसतं आणि कुठल्याही रुग्णाला ते वाचता येतं. बंडाबर्ग हे याचं एकमेव कारण नव्हतं, पण त्याचा धक्का मोठा होता.

अमेरिकेने वेगळा रस्ता घेतला. तिथे प्रत्येक राज्याचा परवाना अजून वेगळाच आहे आणि राज्यं तो सोडायला तयार नाहीत. नियम असा, की रुग्ण ज्या राज्यात आहे त्या राज्याचा परवाना डॉक्टरकडे हवा, फोनवर सल्ला द्यायचा असला तरी. म्हणून बऱ्याच राज्यांनी मिळून एक करार केला, ज्यातून २०१७ पासून परवाने दिले जात आहेत. डॉक्टर आपलं एक राज्य 'मुख्य' म्हणून निवडतो. ते राज्य त्याची पूर्ण छाननी करतं: परीक्षा किती प्रयत्नांत पास झाला, विशेष प्रशिक्षण आहे का, कधी शिस्तभंगाची कारवाई किंवा गुन्हा आहे का. सगळं स्वच्छ असेल तर पात्रतेचं पत्र दिलं जातं आणि त्यावर बाकीची राज्यं नव्याने परीक्षा न घेता परवाने देतात. पूर्वी कारवाई झालेली असेल तर हा सोपा रस्ता मिळतच नाही, त्याला प्रत्येक राज्यात जुन्या पद्धतीने अर्ज करावा लागतो.

मला या करारातलं आवडतं ते पुढचं कलम. मुख्य राज्याने परवाना रद्द किंवा निलंबित केला, तर करारातून मिळालेले सगळे परवाने आपोआप त्याच अवस्थेत जातात. कुणी पत्र पाठवायची, कुणी ते उघडून वाचायची वाट बघायची नाही. आणि करारातल्या दुसऱ्या एखाद्या राज्याने परवाना काढून घेतला, तर बाकीच्या राज्यांतले परवाने लगेच ९० दिवसांसाठी थांबतात, जेणेकरून प्रत्येक राज्याला चौकशी करून आपलं ठरवता यावं. पटेलसारखा डॉक्टर या व्यवस्थेत असता, तर 'जोडपत्र कुठे आहे' हा प्रश्न विचारायची वेळच आली नसती. अर्थात हे अमेरिकेच्या सीमेच्या आत. देशाबाहेर जाणाऱ्याचं काय, याचं उत्तर या करारात नाही.

आता आपल्याकडे या. कोल्हापूरच्या त्या डॉक्टरबाईंचं उदाहरण पुढे नेऊ, फक्त त्यांच्या जागी एक बेजबाबदार गृहस्थ ठेवू. यांच्याकडे दोन्ही राज्यांचे क्रमांक आहेत. आठवडाभर कोल्हापूर, शनिवारी निपाणी. कोल्हापुरात एका रुग्णाच्या बाबतीत गंभीर हलगर्जी झाली, महाराष्ट्र कौन्सिलपुढे तक्रार गेली, सुनावणी झाली आणि सहा महिन्यांसाठी नाव वहीतून काढलं. कोल्हापूरचा दवाखाना बंद. पण निपाणीच्या पाटीवरचा कर्नाटकचा क्रमांक? तो कर्नाटकच्या वहीत तसाच उभा आहे, जोवर तिथल्या कौन्सिलला हे कळत नाही आणि ती त्यावर काही करत नाही तोवर. कळवण्याची पद्धत कागदावर आहे. २००२ च्या आचारसंहितेत तर असंही आहे, की नाव काढल्याची बातमी स्थानिक वर्तमानपत्रांत आणि वैद्यकीय संघटनांच्या प्रकाशनांत ठळकपणे द्यावी. आता तुम्हीच आठवून बघा, सकाळच्या पेपरात अशी सूचना तुम्ही शेवटची कधी वाचलीत?

गंमत म्हणजे यावरचा उपाय आपल्या कायद्यात लिहिलेला आहे. २०१९ च्या कायद्याचं कलम ३१ सांगतं, की देशाची नोंदवही आणि राज्यांच्या नोंदवह्या संगणकाने एकमेकींशी अशा जोडायच्या, की एकीतला बदल दुसरीत आपोआप उमटावा. हे झालं, तर कोल्हापुरात नाव निघालं त्याच दिवशी निपाणीतलंही निघेल. २०२३ च्या नियमांनी प्रत्येक डॉक्टरला देशभर एकच ओळख क्रमांक द्यायचं ठरवलं आणि २०२४ च्या ऑगस्टमध्ये त्याचं पोर्टलही सुरू झालं. पण तिथे डॉक्टरांनी पुन्हा अर्ज करायचा, त्यांच्या कॉलेजने आणि कौन्सिलने तो पडताळायचा, असं काम असल्याने ते सावकाश चाललं आहे. मला विचाराल तर प्राधान्य उलटं हवं होतं. सगळ्यांना नवे क्रमांक वाटून होईपर्यंत थांबण्यापेक्षा, ज्यांच्यावर अंतिम आदेश झाले आहेत तेवढी नावं आधी सगळ्या राज्यांच्या वह्यांत एकाच वेळी दिसू लागली पाहिजेत. एकूण डॉक्टरांच्या मानाने ही यादी लहानच असणार, ते काम इतकं अवघड नसावं.

माझे काही डॉक्टर मित्र यावर नाराज होतात. त्यांची भीती अशी, की कुणीही खोटी तक्रार करेल आणि डॉक्टर देशभरातून उठेल. ही भीती मी हसण्यावारी नेत नाही. दवाखान्यात तोडफोड झालेली पाहिलेल्या माणसाला ती वाटणारच. म्हणून मी 'तक्रार' म्हणत नाही, 'अंतिम आदेश' म्हणतो. सुनावणी झाली, डॉक्टरचं म्हणणं ऐकलं गेलं, राज्य कौन्सिलने निर्णय दिला. डॉक्टरला त्यावर साठ दिवसांत वर अपील करता येतं, आणि तिथे स्थगिती मिळाली तर तीही त्याच वेगाने सगळ्या वह्यांत उमटावी. पण जो आदेश लागू आहे तो नदीच्या एका काठावरच लागू असावा, याला काही अर्थ नाही.

दुसरी एक अडचण तुमच्या बाजूची आहे, तक्रारीची. कौन्सिल कारवाई करू शकते ती स्वतःच्या वहीतल्या नावावर. आता टेलिमेडिसिनचं बघा. मार्च २०२० मध्ये आलेल्या मार्गदर्शक सूचनांनी नोंदणीकृत डॉक्टरला भारतातल्या कुठल्याही भागातल्या रुग्णाला फोनवर किंवा व्हिडिओवर सल्ला द्यायची मोकळीक दिली. अमेरिकेपेक्षा आपण इथे कितीतरी उदार आहोत आणि गडचिरोलीच्या रुग्णाला हैदराबादच्या तज्ज्ञाशी बोलता येतं ते यामुळेच. पण त्या सल्ल्यात काही गंभीर चुकलं, तर गडचिरोलीच्या माणसाने महाराष्ट्र कौन्सिलकडे जाऊन उपयोग नाही. डॉक्टरचं नाव तेलंगणाच्या वहीत असेल तर तक्रार तिथे. चुकीच्या दारात अर्ज दिला, तर बरेच महिने गेल्यावर 'हे आमच्या कक्षेत नाही' असं उत्तर येतं. उपचाराचा हक्क सीमा ओलांडतो, मग तक्रारीचाही ओलांडायला हवा. रुग्णाने आपल्या राज्याच्या कौन्सिलकडे अर्ज द्यावा आणि तो योग्य जागी पाठवण्याचं काम कौन्सिलचं असावं, इतकं साधं हे करता येईल.

ते होईपर्यंत तुम्ही स्वतः काय बघायचं, ते सांगतो. आधी प्रिस्क्रिप्शनवर क्रमांकाबरोबर कौन्सिलचं नावही आहे का ते पाहा. क्रमांक देणं डॉक्टरवर बंधनकारक आहे, प्रिस्क्रिप्शनवर आणि पावतीवर, आणि ऑनलाइन सल्ल्यातही. नुसता आकडा असेल आणि कुठल्या राज्याचा ते नसेल तर सरळ विचारा, यात उद्धटपणा नाही. मग nmc.org.in या संकेतस्थळावर इंडियन मेडिकल रजिस्टर उघडा. तिथे नावाने, क्रमांकाने किंवा राज्य कौन्सिल निवडून शोधता येतं. सापडलेल्या नोंदीत पदवी, ती कुठल्या विद्यापीठाची आणि नोंदणीचं वर्ष दिसतं. पाटीवर लिहिलेली पदव्युत्तर पदवी त्या नोंदीत आहे का, ते जरूर बघा. त्यानंतर, जमल्यास, ज्या राज्याचा क्रमांक आहे त्या राज्याच्या कौन्सिलच्या संकेतस्थळावरही बघा, कारण ताजी माहिती असण्याची शक्यता तिथे जास्त. दोन राज्यांचे क्रमांक असतील तर दोन्हीकडे.

शोधताना नाव सापडलं नाही, तर लगेच 'बोगस डॉक्टर' असा निष्कर्ष काढू नका. देशाची वही राज्यांकडून माहिती आल्यावर भरली जाते, त्यामुळे नुकती नोंदणी झालेल्या तरुण डॉक्टरांची नावं तिथे उशिरा येतात. स्त्री डॉक्टरांची नोंद बहुतेक वेळा माहेरच्या नावाने असते आणि पाटीवर सासरचं आडनाव असतं. इंग्रजी स्पेलिंगमध्ये एखादं अक्षर इकडचं तिकडे झालं तरी शोध फसतो. म्हणून नावापेक्षा क्रमांक आणि कौन्सिल टाकून शोधा. तरीही काही मिळालं नाही, तर तो क्रमांक लिहून संबंधित राज्याच्या कौन्सिलला ई-मेल करा आणि हा क्रमांक चालू आहे का, एवढंच विचारा. आणि आपल्या गल्लीतल्या बाईंचा नंबर कर्नाटकचा आहे एवढ्यावरून त्यांच्याकडे जाणं मात्र बंद करू नका.